स्नायू भरले की क्रिएटिनचा जादा डोस जातो कुठे? थेट लघवीत

जिममध्ये एक वाक्य कायम कानावर येतं, "५ ग्रॅमने काय होतंय भावा, दोन स्कूप सकाळी आणि दोन वर्कआउटनंतर मार, मग बघ." असं ऐकून रोज १५-२० ग्रॅम क्रिएटिन महिनोन्‌महिने पिणारी पोरं आहेत, आणि त्यात बहुतेकांना हे माहीतच नसतं की पहिल्या आठवड्यानंतर त्यातला मोठा भाग स्नायूपर्यंत पोचतच नाही, काही तासांत लघवीवाटे निघून जातो. हे का होतं, किती जातं, आणि मग डोस कसा ठरवायचा ते नीट सांगतो, आकडे थोडे आहेत पण सोपे आहेत, एकदा डोक्यात बसले की दुकानदार किंवा ट्रेनर काहीही सांगू दे, तुमचा हिशोब तुम्हालाच करता येईल.

आधी, स्नायूत मुळात जागा किती?

साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात, काहीही पावडर न घेता, १२० ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असतंच. त्यातलं जवळपास ९५ टक्के हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये असतं, बाकीचं मेंदू, हृदय वगैरे ठिकाणी. हे येतं कुठून, तर दिवसाला साधारण १ ग्रॅम शरीर स्वतः बनवतं, किडनी आणि लिव्हर मिळून, आणि मटण-मासे-चिकन खाणाऱ्याला अजून १ ग्रॅमच्या आसपास जेवणातून मिळतं. शाकाहारी माणसाला जेवणातून जवळपास शून्य, दुधात अगदी थोडं असतं तेवढंच.

आता या साठ्याला वर एक मर्यादा आहे. संशोधनात स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून मोजतात, त्यात साधारण माणसाचा आकडा कोरड्या स्नायूच्या दर किलोमागे १२० मिलिमोलच्या आसपास येतो आणि कितीही क्रिएटिन पाजलं तरी १५०-१६० च्या वर फारसं कोणी जात नाही. हा आकडा पाठ करायची गरज नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की रिकामी जागा एकूण साठ्याच्या साधारण २० टक्के असते, कोणाला थोडी जास्त, कोणाला कमी. म्हणजे आपल्या ७० किलोच्या माणसात ही जागा झाली साधारण २५ ग्रॅम, फार तर ३५-४०. एवढीच. अख्ख्या डब्यातून स्नायूत कायमचं मावणारं क्रिएटिन ओंजळभर पण नाहीये, आणि ही एकच गोष्ट कळली तरी रोजचे २० ग्रॅम सहा महिने घेण्यात काही अर्थ नाही हे आपोआप दिसतं.

एक डोस पोटात गेल्यावर काय होतं

समजा तुम्ही ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट कोमट पाण्यात ढवळून प्यायलात. (मोनोहायड्रेट म्हणजे त्यात पाण्याचा एक रेणू धरलेला, त्यामुळे वजनाच्या ८८ टक्केच खरं क्रिएटिन, म्हणजे ५ ग्रॅममध्ये ४.४ ग्रॅम. हा ८८ टक्केचा आकडा पुढे हिशोबात लागेल.) आतड्यातून ते चांगलं शोषलं जातं आणि तासाभरात रक्तातली पातळी एकदम वर जाते, उपाशीपोटी जेवढी असते त्याच्या दहा-पंधरा पट सुद्धा, आणि मग पुढच्या काही तासांत खाली येते. १ ग्रॅमचा छोटा डोस घेतला तर मात्र ही उडी अगदी किरकोळ असते. हा फरक महत्त्वाचा आहे, पुढे कळेल का.

रक्तातून स्नायूच्या पेशीत क्रिएटिन आपोआप झिरपत नाही. पेशीच्या भिंतीवर त्याच्यासाठी खास प्रथिनं असतात, क्रिएटिन ट्रान्सपोर्टर म्हणतात, ती सोडियम आणि क्लोराइडच्या जोडीने क्रिएटिनला आत ओढतात. टोलनाक्यावर लेन ठरलेल्या असतात तसं समजा, मागे रांग दोन किलोमीटर लागली म्हणून लेन वाढत नाहीत. रक्तात क्रिएटिन थोडं वाढलं तर ट्रान्सपोर्टर जोरात काम करतात, पण एका पातळीनंतर ते सगळे गुंतलेले असतात आणि रक्तात अजून कितीही ओतलं तरी आत जायचा वेग तेवढाच राहतो. आणि वर अजून एक, स्नायूच्या आतला साठा जसजसा भरत जातो तसतशी ही आत ओढायची क्रिया मंदावते. पेशीला भरल्याचं कळतं. उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय की आत-बाहेर क्रिएटिन भरपूर असलं की ट्रान्सपोर्टरचं काम कमी होतं. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेले २० ग्रॅम आणि दहाव्या दिवशी घेतलेले २० ग्रॅम ही एकच गोष्ट नाही, पावडर तीच असली तरी.

मग किडनीत काय होतं

इथे खरी मजेची गोष्ट आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. क्रिएटिनचा रेणू छोटा आहे, त्यामुळे किडनीच्या गाळणीतून तो बिनधास्त गाळला जातो, त्याला अडवणारं काही नाही. पण नेहमीच्या दिवशी मोठ्या माणसाच्या लघवीत क्रिएटिन जवळपास नसतंच, कारण गाळल्यानंतर किडनीच्या नलिकांमध्ये ते परत उचलून रक्तात घेतलं जातं. आणि हे परत उचलायचं काम करणारं प्रथिन म्हणजे तोच क्रिएटिन ट्रान्सपोर्टर, जो स्नायूत बसलाय. म्हणजे त्याची मर्यादा इथेही तीच, ठरावीक वेगाच्या वर तो उचलू शकत नाही.

आता दोन्ही गोष्टी जोडा. मोठा डोस घेतला, रक्तातली पातळी एकदम चढली, स्नायू त्याच्या वेगाने थोडं घेतोय, तिकडे किडनीतून दर मिनिटाला रक्त गाळलं जातंय आणि गाळलेल्या पाण्यात क्रिएटिन इतकं आहे की नलिकेतले ट्रान्सपोर्टर पुरे पडत नाहीत. जे उचललं गेलं नाही ते सरळ मूत्राशयात. यात काही बिघाड नाही, किडनीवर काही आघात झालाय असंही नाही, जे पाण्यात विरघळतं आणि परत उचलायच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे ते वाहून जातं एवढंच. जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यावर ते लघवीत जातं त्यामागे सुद्धा असंच गणित आहे.

हे नुसतं अंदाजाने नाही, मोजलेलं आहे. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी एक अभ्यास छापला, क्रिएटिनच्या आजच्या वापराची सुरुवात तिथूनच धरतात. त्यात तीन जणांना दिवसाला ५-५ ग्रॅमचे सहा डोस, म्हणजे ३० ग्रॅम दिले आणि लघवी गोळा करून तपासली. पहिल्या दिवशी दिलेल्यातलं ४० टक्के लघवीत निघालं, दुसऱ्या दिवशी ६१ टक्के, तिसऱ्या दिवशी ६८ टक्के. म्हणजे बघा, डोस तोच, माणसं तीच, फक्त दिवस पुढे सरकले आणि स्नायू भरत गेले तसं वाया जाणारं प्रमाण चढत गेलं. आणि हे फक्त तिसऱ्या दिवसापर्यंतचं. महिना-दोन महिने भरलेल्या स्नायूवर ३० ग्रॅम ओतणाऱ्याचं काय होत असेल याचा अंदाज करा. माणसं तीनच होती हे खरं, पण नंतरच्या अभ्यासांतही चित्र हेच दिसतं.

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन, यांचा घोळ करू नका

"जादा क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि ते किडनी खराब करतं" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

स्नायूत जेवढं क्रिएटिन साठलेलं आहे त्यातलं साधारण १.७ टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं. यात एन्झाइम वगैरे काही लागत नाही, शरीराच्या तापमानाला रेणू स्वतःहूनच बदलतो, आणि बदलला की परत फिरत नाही. हे क्रिएटिनिन स्नायूतून बाहेर पडून किडनीवाटे जातं. १२० ग्रॅमच्या साठ्यावर रोज २ ग्रॅमच्या आसपास. स्नायू भरून साठा १४५ ग्रॅम झाला तर रोज साधारण २.५ ग्रॅम. वाढ झाली, पण थोडीच.

आणि जादा डोसचं? ते बहुतांशी क्रिएटिन म्हणूनच बाहेर जातं, न बदलता, कारण ते स्नायूत गेलंच नाही, त्याला बदलायला वेळच मिळाला नाही. रक्तात काही तास फिरलं आणि निघून गेलं. म्हणजे लघवीत दोन वेगळे प्रवाह आहेत, एक रोजची झीज, क्रिएटिनिनच्या रूपात, ती साठ्यावर अवलंबून, आणि दुसरा उतू गेलेला माल, क्रिएटिनच्याच रूपात, तो डोसवर अवलंबून. रोजची जी गरज आहे ती फक्त पहिल्या प्रवाहाची भरपाई करायची. सगळा डोस यावरून ठरतो.

आता एक पूर्ण हिशोब करून बघू

७० किलोचा मुलगा, शाकाहारी धरा, रोज २० ग्रॅम मोनोहायड्रेट घेतो, दोन महिने झालेत, स्नायू कधीच भरलेत.

रोज पोटात जातं २० ग्रॅम पावडर, त्यातलं खरं क्रिएटिन ८८ टक्के म्हणजे १७.६ ग्रॅम. भरलेला साठा १४५ ग्रॅम धरला तर रोजची झीज १.७ टक्के, म्हणजे २.५ ग्रॅम. तेवढी जागा रोज रिकामी होते आणि तेवढीच भरता येते. १७.६ मधून २.५ गेले, उरले १५ ग्रॅम. हे १५ ग्रॅम रोज लघवीत, काही आतड्यातच राहिलं तर शौचावाटे, पण स्नायूत नाही. टक्क्यात सांगायचं तर ८५ टक्के वाया. आणि यात मी शरीर स्वतः बनवतं ते क्रिएटिन धरलेलंच नाही, (पावडर चालू असताना ते बनवणं कमी होतं पण पूर्ण थांबतं असं नाही), म्हणजे खरं नुकसान याहून थोडं जास्तच.

डब्याच्या भाषेत बघा. २५० ग्रॅमचा डबा रोज २० ग्रॅमने साडेबारा दिवसांत संपतो आणि त्यातली २१० ग्रॅमच्या वर पावडर टॉयलेटमध्ये गेलेली असते. तोच डबा रोज ३ ग्रॅमने ८३ दिवस पुरतो आणि स्नायूतला साठा दोन्हीकडे सारखाच राहतो. तुमच्या डब्याची किंमत तुम्हाला माहीत आहे, भागाकार तुम्हीच करा.

मग डोस नक्की कसा ठरवायचा, पायरी पायरीने

पायरी १. सगळे डबे समोर ठेवून लेबल वाचा. खूप जणांचा जादा डोस हा ठरवून घेतलेला नसतो, नकळत झालेला असतो. प्री-वर्कआउटमध्ये क्रिएटिन असतं, काही मास गेनरमध्ये असतं, आणि वरून वेगळा डबा आहेच. एका सर्व्हिंगमध्ये किती ग्रॅम क्रिएटिन आहे ते प्रत्येकावर बघा आणि बेरीज करा. प्री-वर्कआउटमधून ३ ग्रॅम मिळत असेल आणि ते तुम्ही रोज घेत असाल तर वेगळ्या डब्याची गरजच नाही. पण प्री-वर्कआउट आठवड्यातून चारच दिवस घेत असाल तर बाकीच्या तीन दिवसांचं वेगळं घ्यायला लागेल, कारण झीज रोज होते, सुट्टीच्या दिवशी पण.

पायरी २. स्कूपवर भरवसा ठेवू नका, एकदा वजन करा. डब्यातला स्कूप ३ ग्रॅमचाही असतो, ५ चाही, आणि पावडर दाबून भरली की शिगोशीग भरली यावर वजन बऱ्यापैकी बदलतं. मसाल्यासाठी किंवा बेकिंगसाठी जो छोटा डिजिटल काटा मिळतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा, त्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि तुमचा नेहमीचा स्कूप ओता. शिगोशीग स्कूप घेणाऱ्याला तिथे डब्यावरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त दिसेल. एकदा सपाट स्कूप किती भरतो ते कळलं की रोज काटा काढायची गरज नाही.

पायरी ३. लोडिंग करायचं की नाही ते ठरवा. लोडिंग म्हणजे पहिले ५ ते ७ दिवस वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास. याने स्नायू आठवड्यात भरतात. पण हल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की रोज फक्त ३ ग्रॅम २८ दिवस घेतलं तरी शेवटी साठा तेवढाच होतो, फक्त वेळ लागतो. आणि लोडिंगमध्ये वाया किती जातं बघा, ६ दिवस २० ग्रॅम म्हणजे १२० ग्रॅम पावडर, खरं क्रिएटिन १०५ ग्रॅम, जागा २५-३५ ग्रॅमची, बाकी ७० च्या वर लघवीत. म्हणजे लोडिंग सुद्धा एक प्रकारे घाईची किंमत आहे. महिन्याच्या आत स्पर्धा असेल, मॅच असेल, तर द्या ती किंमत. नाहीतर माझं मत स्पष्ट आहे, साध्या जिमवाल्याला लोडिंगची गरज नाही, ३ ग्रॅमने सुरू करा आणि महिनाभर धीर धरा.

पायरी ४. लोडिंग केलंच तर एका वेळी २० ग्रॅम ओतू नका. वर रक्तातल्या उडीचं सांगितलं ना, ते इथे लागतं. उडी जेवढी उंच तेवढं किडनीतून जास्त उतू जातं. चार वेळा ५-५ ग्रॅम हे कमीत कमी. एका प्रयोगात तर २० ग्रॅमच १-१ ग्रॅम करून दर अर्ध्या तासाला दिलं तेव्हा लघवीत जाणारं क्रिएटिन ५ ग्रॅमच्या चार डोसांपेक्षा कमी निघालं. आता अर्ध्या अर्ध्या तासाला कोण घेत बसणार, पण तत्त्व तेच, तुकडे जेवढे लहान तेवढं स्नायूला घ्यायला वेळ मिळतो. शिवाय एकदम १० ग्रॅम घेतल्यावर जुलाब होण्याचं प्रमाण ५-५ च्या दोन डोसांपेक्षा जास्त असतं, कारण न शोषलेलं क्रिएटिन आतड्यात पाणी ओढून धरतं. आणि जुलाबातून गेलेलं तर लघवीपर्यंतही पोचलं नाही.

पायरी ५. जेवणाबरोबर घ्या. इन्सुलिन वाढलं की स्नायू क्रिएटिन जास्त ओढतो हे सिद्ध आहे, १९९६ मधल्या एका अभ्यासात दर ५ ग्रॅमसोबत ९३ ग्रॅम साखरेचं पेय दिलं तेव्हा स्नायूतली वाढ बरीच जास्त झाली. पण म्हणून कोणी दिवसाला चार वेळा एवढी साखर पिऊ नका, ३७० ग्रॅमच्या वर होते ती, आणि एवढ्या साखरेने पोट सुटेल ते वेगळंच. साधं भात-वरण किंवा भाकरी-उसळ-दही असं जेवण झालं की त्यानंतर पाण्यातून घ्या, पुष्कळ झालं. आणि हेही लक्षात ठेवा की इन्सुलिनने भरायचा वेग वाढतो, वरची मर्यादा नाही. स्नायू भरलेले असतील तर साखरेनेही जादा क्रिएटिन आत बसत नाही.

पायरी ६. भरल्यानंतर खाली या, आणि तिथेच राहा. ७० किलोच्या माणसाला ३ ग्रॅम पुरतं, हल्टमनच्या त्याच अभ्यासात लोडिंगनंतर रोज २ ग्रॅमवर साठा टिकून राहिला. ९०-१०० किलोचा पिळदार माणूस असेल, खरोखर स्नायूचं वजन असेल, तर ५ ग्रॅम, आणि अगदी धिप्पाड खेळाडूंना ५ ते १० पर्यंत लागू शकतं कारण त्यांचा साठाच मोठा, झीजही मोठी. पोटाच्या चरबीचं वजन यात धरू नका, चरबीत क्रिएटिन साठत नाही.

शाकाहारी लोकांबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे शाकाहारी पोरं भरपूर आहेत जिममध्ये, त्यांचा सुरुवातीचा साठा कमी असतो त्यामुळे रिकामी जागा जास्त, आणि फायदाही बहुधा जास्त दिसतो. पण वरची मर्यादा त्यांची वेगळी नाही. सुरुवातीला जास्त मावतं, भरल्यावर मात्र गणित सगळ्यांना सारखंच, फक्त जेवणातून काही येत नसल्यामुळे त्यांनी ३ च्या खाली न जाणं बरं.

पायरी ७. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका. एका दिवसात साठ्यातून गेले २-२.५ ग्रॅम, १४५ मधून, म्हणजे स्नायूला कळतही नाही. पूर्ण बंद केलं तरी साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून गावी गेलात, डबा विसरलात, काही फरक पडत नाही, परत आल्यावर नेहमीचा डोस सुरू करा, परत लोडिंग करायची गरज नाही.

जास्त होतंय हे ओळखायचं कसं

लघवीकडे बघून कळत नाही, हे आधी सांगतो. क्रिएटिनला रंग नसतो. लघवी चमकदार पिवळी दिसली तर "बघ, क्रिएटिन जातंय" असं म्हणतात, ते खरं तर मल्टिव्हिटॅमिन किंवा प्री-वर्कआउटमधलं बी-२ असतं. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. फेस येऊन टिकत असेल तर ते क्रिएटिन समजून सोडून देऊ नका, लघवीतून प्रथिन जात असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवा. आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत क्रिएटिन मोजतच नाहीत, तिथे क्रिएटिनिन असतं, तो रोजच्या झिजेचा आकडा झाला, वाया गेलेल्या डोसचा नाही. क्रिएटिन मोजायचं तर २४ तासांची सगळी लघवी गोळा करून वेगळी तपासणी लागते, ती संशोधनात करतात.

घरी उपयोगी पडतो तो वजनकाटा. लोडिंग केलं तर पहिल्या आठवड्यात १ ते २ किलो वजन वाढू शकतं, क्रिएटिनबरोबर पाणी स्नायूत ओढलं जातं म्हणून. सकाळी उठून, लघवी करून, रिकाम्या पोटी रोज वजन लिहून ठेवा. आधी चढतं आणि मग एका ठिकाणी थांबतं, जेवण तेच असेल तर ते थांबणं म्हणजे स्नायू भरले याची बऱ्यापैकी खूण. तिथून पुढेही २० ग्रॅम चालू असेल तर ते वर सांगितलेल्या ८५ टक्क्यांत मोडतं. डोस वाढवून वजन परत हलत नाही, फक्त पोट बिघडतं, हीच दुसरी खूण, डोसनंतर तासा-दोन तासांत पोटात गुडगुड आणि पातळ शौच.

काही लोकांना काहीच फरक जाणवत नाही आणि ते म्हणतात मला ५ ने होत नाही, १५ लागतात. यातल्या बऱ्याच जणांचा साठा आधीपासूनच वरच्या मर्यादेजवळ असतो, रोज मटण-मासे खाणारे असतील तर जास्तच. त्यांच्यात जागाच नाही, त्यामुळे १५ घेतलं काय आणि ५ घेतलं काय, लघवीत जाणारं तेवढं वाढेल. महिनाभर ५ ग्रॅम नीट घेऊन काही फरक नसेल तर डोस वाढवण्यापेक्षा बंद करणं शहाणपणाचं.

"पण मेंदूसाठी १०-२० ग्रॅम लागतं म्हणे"

हे हल्ली फार फिरतंय. मुद्दा असा की रक्तातून मेंदूत क्रिएटिन फार सावकाश जातं, म्हणून मेंदूतला साठा वाढवायला मोठे डोस किंवा जास्त दिवस लागतील असा विचार आहे, आणि त्यावर अभ्यास चालू आहेत, झोप कमी झाल्यावर वगैरे. हे अभ्यास छोटे आहेत आणि डोस अजून ठरलेला नाही. तो वेगळा प्रश्न आहे, इथे बोलतोय ते स्नायूचं. फक्त बायसेप्ससाठी २० ग्रॅम घेणाऱ्याने मेंदूचं कारण पुढे करू नये, आणि मेंदूसाठी म्हणून घेणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं लघवीत जातं हे चुकत नाही.

रक्ततपासणी करायची असेल तर

सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथे उडते. क्रिएटिन घेणाऱ्याचं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, साठा मोठा म्हणून रोजची झीज मोठी, आणि पिळदार माणसाचं ते तसंही वरच्या बाजूला असतं. रिपोर्टवर किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा जो अंदाज छापून येतो तो या क्रिएटिनिनवरूनच काढलेला असतो, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही तो आकडा कमी दिसू शकतो. निरोगी माणसांत नेहमीच्या डोसने किडनीला इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण ज्यांना किडनीचा आजार आहे, एकच किडनी आहे, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत, किंवा गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ३ ग्रॅम सुद्धा सुरू करू नये.

तपासणीआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "डॉक्टर, मी रोज इतके ग्रॅम क्रिएटिन घेतो, इतके महिने झाले." लपवू नका, लपवलं की उगाच पुढच्या तपासण्या मागे लागतात. आकडा वर आला आणि शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, ती स्नायूवर किंवा क्रिएटिनवर तशी अवलंबून नसते, त्यावरून किडनी खरंच कशी चाललीय ते जास्त नीट कळतं, किंवा डॉक्टर काही आठवडे क्रिएटिन बंद ठेवून परत तपासायला सांगतील. बंद ठेवायचं तर चार ते सहा आठवडे ठेवा, चार-पाच दिवसांनी परत रक्त दिलं तर उतू जाणारं क्रिएटिन थांबलेलं असतं पण स्नायूतला साठा अजून भरलेलाच असतो, आणि क्रिएटिनिन त्या साठ्यातून येतं.